जर्मन भाषांतराचे २७,५०० रुपये आणि लाल शिक्का

लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते. मी नर्स आहे, जीएनएम झालेली. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि आमच्या भागात ‘जर्मनी’च्या पाट्या लागू लागल्या. त्यातल्याच एका पाटीखाली मी गेले.

तिथे नर्स म्हणून काम करायचं तर आधी त्या राज्याच्या कार्यालयाकडून आपल्या शिक्षणाला मान्यता घ्यावी लागते. माझ्या कार्यालयाला जीएनएमच्या गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र आणि विषयवार तासांचा तक्ता जर्मनमध्ये हवा होता. एजंट म्हणाला, “ताई, सगळं आमच्याकडे होतं, सर्टिफाइड.” ११ पानांचे पानामागे १,८०० म्हणजे १९,८००, ‘दूतावास मान्यता’ ६,५०० आणि कुरिअर १,२००. एकूण २७,५००. यूपीआयने दिले, दोन हप्त्यांत.

आठ दिवसांनी फाईल आली. प्रत्येक पानावर नोटरीचा लाल शिक्का, वर हिरवी फीत. इतकं सरकारी दिसत होतं की आईने देवाजवळ ठेवलं.

आता ती जागा, जिथे मला कळायला हवं होतं. गुणपत्रिकेवरच्या ‘फर्स्ट क्लास’चं भाषांतर ‘एर्स्टे क्लासे’ केलं होतं. जर्मनमध्ये हे वाचणाऱ्याला रेल्वेचा पहिल्या वर्गाचा डबा आठवेल, नाहीतर शाळेतली पहिली इयत्ता. मी जर्मनची बी-टू पातळी झालेली बाई आहे, मला हे दिसलं. मैत्रिणीला फोटो पाठवला, दोघी हसलो आणि मी फाईल पाकिटात घातली. “त्यांचं रोजचं काम आहे, त्यांना जास्त कळतं,” असं वाटलं. सलग चार नाइट ड्यूट्या झाल्या होत्या, हेही सांगते. आणि मागची बाजू? गुणपत्रिकेच्या पाठीवरचे नियम आणि शिक्के भाषांतरात नव्हतेच. नीट भाषांतर करणारा शिक्कासुद्धा सोडत नाही, ‘गोल शिक्का, वाचता येत नाही’ एवढं तरी लिहितो.

पाच आठवड्यांनी पत्र आलं: भाषांतर शपथबद्ध अनुवादकाचं नाही, स्वीकारता येत नाही. तेव्हा नीट वाचलं. नोटरी फक्त म्हणतो की समोरच्या माणसाने सही केली. मजकूर बरोबर आहे, असं तो म्हणतच नाही! जर्मनीत अशा अनुवादकाला सहसा न्यायालयात शपथ असते. त्याच्या शिक्क्यावर नाव, भाषा आणि बहुतेक वेळा न्यायालयाचं नाव असतं, ‘लांडगेरिष्ट’ अमुक, आणि खाली भाषांतर पूर्ण व अचूक असल्याची ओळ. माझ्या कागदावर ‘गव्हर्नमेंट अप्रूव्हड ट्रान्सलेटर’ होतं. कुठल्या गव्हर्नमेंटचा, हे मी विचारलं नाही.

शिक्का खरा का ते justiz-dolmetscher.de वर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. फुकट.

एजंटने फोन उचलणं बंद केलं. पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी “साहेब नाहीत”. दुसऱ्या दिवशी “हे दिवाणी आहे, वकील करा”. तिसऱ्या दिवशी एका हवालदारांनी फाईल उलटीपालटी केली आणि म्हणाले, “भाषांतर तर दिलंय ना त्यानं? मग फसवणूक कुठे?” दूतावास मान्यतेचे ६,५०० दाखवले, त्याची पावती दाखवा म्हणाले. पावती एजंटच्याच लेटरहेडवर. दूतावासाने पैसे घेतले असते तर पावतीही दूतावासाचीच मिळाली असती, हे मला त्या बाकावर बसून सुचलं. नोटरीकडे गेले तर तो म्हणे, “मॅडम, मला जर्मन येत नाही.” मग त्या ११ पानांवर शिक्का का मारलास, बाबा? अर्ज आजही ‘चौकशीत’ आहे.

दुसऱ्यांदा जर्मनीतल्या अनुवादिकेकडून करून घेतलं. तिथे पानाचा नाही, ओळीचा दर असतो, साधारण ५५ अक्षरांची एक ओळ धरतात. तिने स्कॅन बघून आधी लेखी आकडा दिला: ३८५ युरो. मूळच्या प्रतीसह टाचून, टाचणीवर शिक्का मारून तिने पाठवलं. ती टाचणी काढू नका.

आणखी एक, शिकायला जाणाऱ्यांसाठी: जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्टमधून अर्ज करणाऱ्यांनी इंग्रजी गुणपत्रिका जर्मनमध्ये करून घेऊ नका, इंग्रजी सहसा चालते. माझ्यासमोर एका मुलाकडून त्याच एजंटने तेही पैसे घेतले. कुठल्या कागदाचं, कोणाकडून केलेलं भाषांतर चालेल, भारतातल्या अनुवादकाचं चालेल का, हे स्वतः त्या कार्यालयाला ईमेल करून विचारा. उत्तर येईपर्यंत एक रुपया देऊ नका.

ज्यांची फाईल सध्या कुठल्या एजंटकडे आहे, त्यांनी आधी मूळ कागद परत आणा. भाषांतराला स्कॅन पुरतं, मूळ कागद ठेवून घ्यायचं कारण नाही. माझी तिसऱ्या वर्षाची गुणपत्रिका सोडवायला तीन आठवडे लागले, आणि आली ती कोपऱ्यात पंचिंगचं भोक पाडूनच.