रीफर कंटेनरमधला यूएसबी टेम्परेचर लॉगर: काही महिन्यांचा वापर आणि एक रखडलेला क्लेम

आधी निकाल सांगतो, मग कारणं. रीफर म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा, एकदाच वापरायचा हा छोटा लॉगर घेण्यासारखा आहे, आणि आम्ही पुढेही घेणार आहोत. मात्र त्यातून निघालेला पीडीएफ कागद एकटा कुणाकडूनही पैसे काढून देत नाही. माल खराब आल्यावर त्या कागदाचं काय होतं, समोरचा त्यात कुठे बोट ठेवतो, हे विकणारा सांगत नाही. म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

आमचं काम समुद्रमार्गे येणारी ताजी द्राक्षं उतरवून घेण्याचं. द्राक्षं उणे १ ते ० अंशांच्या आसपास ठेवायची असतात. कंटेनरच्या मशीनचा स्वतःचा कंट्रोलरही तापमान नोंदवतो, मग वेगळा लॉगर कशाला, असं नवखे विचारतात. कंट्रोलर दोन ठिकाणची हवा मोजतो: मशीनमधून आत जाणारी सप्लाय एअर आणि फिरून परत येणारी रिटर्न एअर. दाराजवळच्या शेवटच्या पॅलेटवर, वरच्या थरातल्या पेटीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. गार हवा सगळ्यात शेवटी तिथेच पोहोचते. लॉगर तिथे ठेवायचा.

वापरायला सोपा आहे. बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की सुरू होतो, पहिला अर्धा तास नोंद घेत नाही, मग दर १० मिनिटांनी एक. मेमरी १६,००० नोंदींची, म्हणजे १०० दिवसांहून जास्त. कुठल्याही सागरी प्रवासाला पुरेल. अचूकता अर्ध्या अंशाची. सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेट येतं आणि उपकरण ईएन १२८३० या मानकाला धरून आहे. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर हे दोन्ही विचारतो. बॅटरीने एकदाही दगा दिला नाही. यूएसबीचं टोपण मात्र सैल आहे. गार पेटी उष्ण हवेत उघडली की पिनांवर दव धरतं, तेव्हा पुसून, वाळवून मगच कॉम्प्युटरला लावा. आणि लावण्याआधी स्क्रीनचा आणि मागच्या सीरियल नंबरचा फोटो घ्या, कारण हे मॉडेल कॉम्प्युटरला जोडलं की नोंदणी कायमची थांबते.

आता मूळ मुद्दा. एका कन्साइनमेंटमध्ये दार उघडल्यावर वरच्या पेट्यांवर ओल होती आणि लॉगरच्या स्क्रीनवर अलार्मची खूण. माल बाहेर काढणं तिथेच थांबवलं. प्रोब थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरून ०ची खात्री केली आणि दाराजवळच्या, मधल्या व मशीनकडच्या पेट्यांतल्या मण्यांचं आतलं तापमान घेतलं. ते जेमतेम १ अंश, म्हणजे त्या क्षणी माल थंडच होता. ताप येऊन उतरून गेला होता. देठ तपकिरी पडलेले, काही घडांत राखाडी बुरशी, आणि देठाजवळचे मणी फिकट पांढुरके. हा शेवटचा प्रकार लक्षात ठेवा. पेटीत बुरशी रोखायला ठेवलेले एसओटू पॅड ओलावा मिळाला की जोरात वायू सोडतात आणि मण्यांचा रंग उडवतात. नुसत्या जुन्या मालात बुरशी दिसते, देठ वाळतात. असा रंग उडालेला असेल तर पेटीत दव धरलं होतं का, हे तपासावंच लागतं.

ग्राफ पाहिला. दर काही तासांनी येणारे बारीक टोकदार उंचवटे हे डीफ्रॉस्टचे. कॉइलवरचा बर्फ वितळवताना पंखे थांबतात, पाऊण-एक तासात रेघ खाली येते. त्यावरून ओरड करू नका, हसू होतं. त्याशिवाय एक मोठा डोंगर होता: ०.६ वरून सलग चढत ७.२ पर्यंत, आणि तिथून २च्या खाली यायला जवळपास दोन दिवस. रीफरचं मशीन थंड मालाचं तापमान टिकवायला असतं. गच्च भरलेला कंटेनर एकदा तापला की तो पुन्हा थंड करायला त्याला फार वेळ लागतो.

त्याच दिवशी जहाज कंपनीच्या स्थानिक एजंटला मेल पाठवला, विमा कंपनीला प्रत. त्यातला मुख्य भाग असा:

«सदर कंटेनरमधील द्राक्षांच्या मालात तापमानवाढीमुळे नुकसान झाल्याचे आज दार उघडताना आढळले. बिल ऑफ लॅडिंगवरील सेट पॉइंट उणे ०.५ अंश असताना दाराकडील लॉगरवर कमाल ७.२ अंशांची नोंद आहे. या नुकसानीबद्दल आम्ही आपणास जबाबदार धरत आहोत. ही त्याची लेखी सूचना समजावी. माल आहे त्या स्थितीत, थंड ठेवून राखला आहे. संयुक्त पाहणीसाठी आपला सर्व्हेअर उद्यापर्यंत पाठवावा. कंट्रोलरचा संपूर्ण डेटा डाउनलोड, पॉवर बंद-चालू नोंदींसह, मिळावा. तसेच कळवावे: क्लेम कुणाच्या नावे व कोणत्या पत्त्यावर द्यायचा, कोणती कागदपत्रे लागतील, आणि पाहणीनंतर माल विकण्यास आपली हरकत आहे का?»

यातलं प्रत्येक वाक्य मुद्दाम आहे. सागरी वाहतुकीत सहसा लागू असणाऱ्या हेग-व्हिस्बी नियमांत उघड दिसणारं नुकसान माल ताब्यात घेतानाच लेखी कळवायचं असतं, आणि न दिसणारं ३ दिवसांत. मुदत चुकली म्हणून क्लेम मरत नाही, पण माल ठीकठाक पोहोचला असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं. संयुक्त पाहणी झाली तर त्या सूचनेची गरजच उरत नाही, म्हणून तिचा आग्रह धरायचा. विमानाने आलेल्या मालाला मॉन्ट्रियल कन्व्हेन्शनची १४ दिवसांची मुदत आहे आणि ती चुकली तर दावाच बंद. शेवटचा प्रश्नही गरजेचा, कारण नाशवंत माल पुरावा म्हणून कुजवत ठेवला तर «नुकसान कमी करायचा प्रयत्न केला नाही» हे बोट आपल्याकडेच वळतं.

उत्तर आलं ते ठरावीक: आमच्या डाउनलोडनुसार मशीन चालू असताना सप्लाय एअर कायम सेट पॉइंटवर होती, सबब जबाबदारी नाही. «चालू असताना» हे शब्द वाचून मी पूर्ण डाउनलोड पुन्हा मागितलं. त्यात ट्रान्सशिपमेंटच्या, म्हणजे कंटेनर एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवतात त्या बंदरातली खिंड सापडली. १४ तारखेला २३:१० ला पॉवर बंद, १६ तारखेला ०६:२० ला चालू. ३१ तास १० मिनिटं प्लग काढलेला.

तरीही ते मानेनात, आणि इथे लॉगरची खरी उणीव समोर आली. लॉगरच्या रिपोर्टमध्ये डोंगराची सुरुवात १५ तारखेला ०२:४० ला आणि शिखर १६ला १०:१० ला दिसतं. त्यांचा युक्तिवाद: पॉवर ०६:२० ला आली, मशीन व्यवस्थित चालू झालं, तरी पुढे चार तास तापमान चढतच राहिलं, म्हणजे फळ भरतानाच गरम होतं, नाहीतर हवा फिरायला जागा न ठेवता पेट्या रचल्या होत्या. ऐकायला पटतं. पण कंट्रोलर जीएमटीत नोंदतो आणि आमचा लॉगर माल पाठवणाऱ्याच्या वेळेवर लावलेला, जीएमटीच्या ३ तास पुढे. तेवढे वजा करा: चढ २३:४० ला, म्हणजे प्लग निघाल्यावर अर्ध्या तासाने, आणि शिखर ०७:१० ला, पॉवर आल्यावर ५० मिनिटांनी. दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात शेजारी मांडून पाठवल्यावर तो मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही. गरम भरल्याचा आरोप तर लॉगरच्याच आधीच्या नोंदींनी खोडला. प्लग निघेपर्यंत तीच पेटी ०.६ वर होती. रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाइम झोन ठळक छापायला या उत्पादकाला काय हरकत आहे, देव जाणे. सध्या तो सेटिंगच्या पानावर बारीक अक्षरात शोधावा लागतो.

त्याऐवजी पहिल्या पानावर एमकेटी, म्हणजे मीन कायनेटिक टेम्परेचर, मोठ्या अक्षरात आहे. ते औषधांच्या साठवणुकीसाठीचं गणित. अख्ख्या प्रवासाचा एक आकडा काढला की ३१ तासांचा डोंगर त्यात विरघळतो, आणि समोरचा नेमका तोच आकडा उचलतो. फळांच्या क्लेममध्ये त्याला हात लावू नका, ग्राफ आणि कच्च्या नोंदी द्या.

विम्याकडून वेगळाच धक्का. आमच्या पॉलिसीत तापमानाचं संरक्षण एका अटीवर आहे: शीतयंत्रणेत बिघाड होऊन ती सलग किमान २४ तास बंद पडली पाहिजे. ३१ तास म्हणजे अट पूर्ण, असं मला वाटलं. त्यांचं म्हणणं, मशीन धडधाकट होतं, प्लग कुणीतरी काढला. हा बिघाड नव्हे. यावर अजून पत्रापत्री चालू आहे. तुमच्या पॉलिसीतला हा शब्द मोसम सुरू व्हायच्या आत वाचून ठेवा आणि विमा एजंटला सरळ लेखी विचारा: प्लग काढून ठेवला तर पैसे मिळतात का? विमा कंपनी एक गोष्ट मात्र हमखास विचारते: जहाज कंपनीला वेळेत नोटीस दिली होती का? ती नसेल तर त्यांच्याकडचा क्लेमही लंगडा होतो.

कागदपत्रं म्हणून बिल ऑफ लॅडिंग, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शेरा मारलेली डिलिव्हरी पावती, सर्व्हे रिपोर्ट, लॉगरची मूळ फाइल आणि निवडून विकलेल्या मालाचा हिशेब दिला. रक्कम अशी निघते: माल चांगला आला असता तर त्या दिवशीचा बाजारभाव, वजा खराब मालाचे प्रत्यक्ष आलेले पैसे. पॅकिंग लिस्टवर लॉगरचा सीरियल नंबर आणि पॅलेटची जागा लिहिलेली होती, त्यामुळे «हा लॉगर याच कंटेनरमधला कशावरून?» हा प्रश्न उठलाच नाही. पाठवणाऱ्याला हे लिहायला लावा; फुकटचं काम आहे.

आता आम्ही एका कंटेनरमध्ये दोन लॉगर ठेवतो, एक मशीनकडे आणि एक दाराकडे. दोन्ही ऑर्डर देतानाच जीएमटीवर लावून घेतो. एकाच लॉगरवर «ती जागाच वाईट होती» असं म्हणायला वाव राहतो. वेळेसहित तापमान मोबाइलवर दाखवणारे, सिमवाले लॉगरही बघितले. प्लग निघाल्याचं तिथल्या तिथे कळणं मोहात पाडतं, पण स्टीलच्या बंद कंटेनरमधून, तेही समुद्रावर, सिग्नल मिळतोच असं नाही. ट्रान्सशिपमेंटच्या बंदरात मिळाला तर उपयोग आहे, म्हणून महागड्या मालासाठी एखादा लावून बघणार आहोत.

क्लेमचं म्हणाल तर जहाज कंपनीने दाराकडच्या पॅलेटपुरती तडजोड देऊ केली आहे. आम्ही पूर्ण मालावर अडून आहोत. दावा दाखल करायची मुदत डिलिव्हरीपासून १ वर्ष, आणि नुसत्या वाटाघाटी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. त्यामुळे ३ महिन्यांची मुदतवाढ लेखी मागून घेतली. ती देणारं पत्र आलं आहे.