जीएसटी क्रमांकाचे शेवटचे चिन्ह: साधी बेरीज की एकाआड एक दुप्पट?

जीएसटी क्रमांकातील पंधरावे चिन्ह आधीच्या चौदा चिन्हांवरून काढलेले असते. त्यासाठी 0 ते 9 अंकांच्या किमती त्याच राहतात, तर A म्हणजे 10 आणि Z म्हणजे 35 धरतात. या किमतींची नुसती बेरीज करून ती 36च्या पटीत नेणारे चिन्ह शेवटी ठेवले असते, तरी एखादे चिन्ह चुकल्यास ते पकडले गेले असते. परंतु टंकताना शेजारची दोन चिन्हे उलटसुलट झाली, तर बेरीज बदलत नाही आणि चूक निसटते.

प्रत्यक्षातील पद्धतीत प्रत्येक सम स्थानावरची किंमत दुप्पट करतात आणि गुणाकाराला 36ने भागून भागाकार व बाकी दोन्ही बेरजेत घेतात. `27ABCDE1234F1Z` या बनावट नमुन्यात शेवटच्या Zचे 70 होतात, म्हणजे 1 अधिक 34; एकूण बेरीज 180, बाकी शून्य, म्हणून शेवटचे चिन्ह 0. मात्र 1234च्या जागी 1243 टंकल्यास बेरीज 181 होऊन Z अपेक्षित ठरतो, आणि चूक उघडी पडते.

याच नमुन्यात प्रोग्राम फसू शकतो, कारण 36 वजा 0 म्हणजे 36 आणि त्या किमतीचे चिन्हच नाही; म्हणून वजाबाकीनंतर पुन्हा 36ने भागून बाकी घ्यावी लागते:

```
(36 - sum % 36) % 36
```

एक स्थान सोडून झालेली अदलाबदल, उदाहरणार्थ 1234चे 3214, मात्र दोन्ही पद्धतींना दिसत नाही.