फेरीवाल्याचं लायसन्स आणि ‘फिक्स जागा’: पैसे कसे उकळतात आणि कागद कसा ओळखायचा

महापालिकेच्या हद्दीत हातगाडी लावणाऱ्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: लायसन्स आणि हक्काची जागा. फसवणारा याच दोन गोष्टी एका पॅकेजमध्ये विकतो. भाजीची गाडी लावणाऱ्या एका ताईंची अशी फसवणूक झाली. ती टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण एजंटचा खेळ त्या टप्प्यांतच आहे.

पहिल्यांदा एजंटने फक्त 1,500 रुपये मागितले, ‘फॉर्मचे’ म्हणून. आधार, रेशनकार्ड, गाडीसोबतचा फोटो आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी घेतला. काही दिवसांनी पालिकेचं नाव असलेला एक कागद दाखवून म्हणाला, “ताई, तुमचं नाव मंजूर झालं.” मग बँकेत नेऊन सह्या करून घेतल्या. खात्यात 15,000 रुपये आले. हे सरकारी अनुदान आहे, असं सांगून त्यातले 10,000 त्याने ‘जागेची अनामत’ म्हणून काढून घेतले. शेवटी लॅमिनेट केलेलं, फोटो आणि क्यूआर कोड असलेलं ‘प्रमाणपत्र’ दिलं आणि त्याचे 12,000 घेतले. एकूण 23,500 रुपये गेले आणि एकाही रुपयाची पालिकेची पावती नाही.

पुढच्या महिन्यात अतिक्रमणची गाडी आली. ताईंनी प्रमाणपत्र दाखवलं. निरीक्षकाने क्रमांक तपासला, तो नोंदीतच नव्हता. क्यूआर स्कॅन केल्यावर त्याच प्रमाणपत्राचा फोटो उघडत होता, पालिकेची कुठलीही नोंद नाही. त्याच आठवड्यात बँकेचा हप्त्याचा मेसेज आला. ते 15,000 अनुदान नव्हतंच, फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज होतं. ताईंच्या हाती त्यातले 5,000 राहिले, फेड मात्र पूर्ण 15,000 ची, व्याजासह, 12 हप्त्यांत.

एजंटने सुरुवातीला दाखवलेला कागद खरा होता, हे इथे नीट समजून घ्या. ते स्वनिधीचं शिफारसपत्र होतं. पालिकेच्या फेरीवाला सर्वेक्षणात नाव राहून गेलेला माणूस आपल्या हद्दीत धंदा करतो, एवढंच पालिका त्यात बँकेला कळवते. ते कर्जासाठी असतं, त्याने जागा मिळत नाही आणि ते परवाना होत नाही. पालिकेचं नाव आणि शिक्का दिसला की माणूस निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच विश्वासावर पुढचा खोटा कागद खपतो.

दंडाच्या किंवा सफाईच्या पावतीचंही तसंच आहे. “वीस वर्षं पावती फाडतोय” म्हणून कुणी परवानाधारक होत नाही. त्या पावत्या तरीही जपून ठेवा, आपण त्या ठिकाणी जुने आहोत हे दाखवायला उपयोगी पडतात. सर्वेक्षणाच्या वेळी मिळालेली पोचसुद्धा फक्त नोंद झाल्याचा पुरावा आहे. या तिन्ही कागदांना ‘लायसन्स’ म्हणणाऱ्या माणसाशी व्यवहार तिथेच थांबवा.

खरा कागद म्हणजे पथविक्री प्रमाणपत्र. तो 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार, नगर पथविक्रेता समितीमार्फत मिळतो. आपण तिला फेरीवाला समिती किंवा टीव्हीसी म्हणतो. आयुक्त तिचे अध्यक्ष असतात आणि किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असतात. आधी सर्वेक्षण, मग पात्रता, मग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, असा क्रम आहे. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात नवीन माणूस अर्ज करू शकतो, पण विक्रीसाठी ठरवलेल्या फेरीवाला क्षेत्रात जागा शिल्लक असेल तरच समिती विचार करू शकते. कुणा एका साहेबाच्या सहीने आठवड्यात हे काम होत नाही. मुंबईत 2014 साली सर्वेक्षणाचे अर्ज भरलेले कितीतरी लोक दहा वर्षांनंतरही प्रमाणपत्राची वाट पाहत होते. याच रखडपट्टीवर एजंट जगतात, हे पालिकांनीही लक्षात घ्यायला हवं.

आता जागेबद्दल. स्टेशनबाहेरची अमुक खांबाजवळची जागा देतो, असं कुणी म्हणालं तर कायदा काय म्हणतो ते आठवा. फेरीवाला क्षेत्रात मावतील त्यापेक्षा विक्रेते जास्त असतील तर सोडत काढायची आणि उरलेल्यांना शेजारच्या क्षेत्रात सामावून घ्यायचं. म्हणजे सोडतीआधी कुठली जागा कुणाची, हे कुणालाच ठाऊक नसतं. ठाऊक नसलेली जागा तो विकणार कशी? काही जण दुसऱ्याचं खरं प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्याने देऊ करतात. तेही घेऊ नका. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही, हस्तांतरही करता येत नाही. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा असतो. अट मोडली की मूळ प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि भाडेकरूच्या हाती तर पहिल्यापासूनच काही नसतं.

पैसे देण्याआधी एक काम करा. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडून वॉर्ड ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर साधा अर्ज द्या: “सोबतचं प्रमाणपत्र आपल्या नोंदीत आहे का, कोणत्या जागेसाठी आहे, हे लेखी कळवावे.” आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकारात विचारा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. ‘तपासून घेतो’ म्हटल्यावर एजंट घाई करायला लागला किंवा चिडला, तर समजून जा. शुल्क पालिकेच्या खिडकीवर किंवा अधिकृत संकेतस्थळावरच भरा. यूपीआयवर पैसे पाठवताना समोर एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर पाठवू नका.

पैसे गेले असतील तर पहिली गोष्ट म्हणजे तो खोटा कागद पुन्हा कुणाला दाखवू नका. खोटं आहे हे कळल्यावरही तो वापरलात तर बनावट कागद वापरल्याचा ठपका तुमच्यावर येईल. मूळ प्रत फाडूही नका, पोलिसांना द्यायची आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम समोरच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देताना प्रत्येक रकमेची तारीख, ती कशी दिली आणि त्या वेळी तो काय म्हणाला, हे ओळीने लिहा. बँकेतही लेखी कळवा, पण सह्या तुमच्या असतील तर हप्ते थांबवू नका. ते थकले की पुढचं कर्जही अडतं.

पालिकेचाच कर्मचारी यात असेल तर बरेच जण “आपणच पैसे दिले, आपण अडकू” म्हणून गप्प बसतात. लाच द्यायला भाग पाडलं असेल तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. पैसे मागितले असतील पण अजून दिले नसतील, तर देण्याआधीच फोन करा, म्हणजे सापळा लावता येतो.

आणि अतिक्रमणवाल्यांनी जप्त केलेला ताईंचा माल? नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकी सामान दोन कामाच्या दिवसांत सोडवून घेता येतं, मात्र ठरलेलं शुल्क भरावं लागतं. जप्तीच्या वेळी सामानाची सही केलेली यादी मागून घ्या. ताईंनी ती घेतली नव्हती, म्हणून गाडी परत मिळाली पण वजनकाटा मिळाला नाही.