दुसऱ्या बाटलीमागचा लाल व्हॉल्व्ह

ठिबकच्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ पाहून संच घेणाऱ्यांनी हे वाचावे, कारण त्या व्हिडिओची संहिता मीच लिहिली आणि त्यात पहिला फसलो तोही मीच.

कोल्हापुरातील एका विक्रेत्याने संहितेसाठी 15,000 रुपये ठरवले. पैसे रोख न देता माझ्या एक एकर उसाच्या संचातून वळते करून घेऊ, असे तो म्हणाला. संचाची किंमत 61,500. उरलेले 46,500 रुपये मी रोख मोजले. पावती कच्ची घेतली, आणि ही चूक मी कबूल करतो.

संहितेतला सातवा प्रसंग मी साध्या बोलीत लिहिला होता: "शेतकरी बंधूंनो, पहिल्या ड्रीपरखाली एक बाटली धरा, त्याच नळीच्या शेवटच्या ड्रीपरखाली दुसरी धरा. ताशी 4 लिटरचा ड्रीपर पंधरा मिनिटांत एक लिटर देतो. दोन्ही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या, तरच संच बरोबर बसला." शिरोळ तालुक्यातील शेतात चित्रीकरण झाले, तेव्हा शेवटचे टोक चिखलात आहे आणि उजेड जातो आहे, असे सांगून दोन्ही बाटल्या पहिल्याच ड्रीपरखाली भरण्यात आल्या. संकलनात मी ते पाहिले. दुसऱ्या बाटलीमागे सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपचा, पहिल्या ड्रीपरजवळचा तोच लाल व्हॉल्व्ह स्पष्ट दिसत होता. चित्रीकरणात असे चालतेच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्यावर माझाच आवाज दिला! वीस वर्षे शेतीविषयक संहिता लिहिणाऱ्याने हे ओळखायला हवे होते. पण आपलेच वाक्य पडद्यावर खोटे पाडले जाईल, असे कोणाच्या मनात येईल?

माझ्या शेतात 16 मिलिमीटरची, दर 40 सेंटिमीटरवर ड्रीपर असलेली इनलाइन नळी एकाच बांधावरून 110 मीटर ओढली गेली. इतक्या लांबीत घर्षणामुळे दाब घटत जातो. सबमेन शेताच्या मध्यावर घेतली असती, तर दोन्हीकडे 55 मीटरच्याच नळ्या राहिल्या असत्या. पण विक्रेत्याला पीव्हीसी पाइप आणि चर खणण्याचा खर्च वाचवायचा होता. मी मोजले, तेव्हा पहिल्या ड्रीपरखाली 1000 मिलिलिटर पाणी भरले, शेवटच्याखाली 480. नळी धुऊन पुन्हा मोजले, तरी आकडा हलला नाही, म्हणजे दोष कचऱ्याचा नव्हता. उरलेले पैसे मोजण्याआधी हे बाटलीचे माप स्वतः घ्या. विक्रेत्याच्या माणसाला घेऊ देऊ नका.

पोलीस ठाण्यात हा दिवाणी मामला असल्याचे ऐकवले गेले. कृषी कार्यालयात विचारले, तर अनुदानाचा प्रस्ताव नसल्याने मोका तपासणी होणार नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे स्वतःचे पैसे घालणाऱ्याच्या शेतात कोणी पायही ठेवणार नाही. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी मलाच विचारले, "व्हिडिओत तर दोन्ही बाटल्या भरलेल्या दिसतात, आणि आवाज तुमचाच आहे ना?"

पक्के बिल घ्या, आणि त्यावर नळीची लांबी व ड्रीपरचा प्रवाह लिहून घ्या. माझ्या कच्च्या पावतीवर फक्त "ठिबक संच, एक नग" एवढेच आहे.