सोसायटीच्या नोटीस बोर्डाचा फोटो: अ‍ॅपला वाचायला लावायचा की माणसाने वाचून द्यायचा?

घरात कुणाला काचबिंदू किंवा मॅक्युलाचा त्रास असेल आणि ते बोर्डाचा फोटो काढून "काय लिहिलंय बघ रे" म्हणत असतील, तर दोन रस्ते आहेत. एक, गुगल लेन्ससारखं अ‍ॅप, म्हणजे मजकूर सिलेक्ट करून ऐकायचं. दुसरा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि घरातल्या कुणीतरी वाचून द्यायचा. माझं मत आधीच सांगते, एकच छापील कागद असेल तर अ‍ॅप, पण अख्खा बोर्ड असेल तर माणूस, आणि माणसानेही वरून खाली सरळ वाचत सुटायचं नाही.

अ‍ॅपची बाजू पहिल्यांदा. कुणाची वाट बघायला लागत नाही, तेच चार वेळा ऐकता येतं, आणि थकबाकीच्या यादीत आपलं नाव आहे का हे दुसऱ्याला न विचारता कळतं, ही शेवटची गोष्ट म्हाताऱ्या माणसांना खूप महत्त्वाची वाटते. स्वच्छ छापलेलं मराठी बऱ्यापैकी वाचतंही. गडबड होते ती बोर्डावर शेजारी शेजारी लावलेल्या कागदांची, कारण दोन कागदांमध्ये जागा कमी असली की अ‍ॅप कधीकधी डावीकडची ओळ संपवून थेट उजवीकडच्या कागदात घुसतं. असं काहीतरी ऐकू येतं: "शुक्रवारी सकाळी ९ पासून वार्षिक सर्वसाधारण सभा पाणीपुरवठा बंद राहील". वाक्य मध्येच भलत्या विषयावर गेलं की समजायचं कागद मिसळलेत, मग एकेक कागद क्रॉप करून परत ऐकायचा. हाताने लिहिलेल्या १ आणि ९ मध्येही घोळ होतो, म्हणून पाण्याची वेळ अशा कागदावरून अ‍ॅपच्या भरवशावर घेऊ नका.

आता माणूस. समजा बोर्डावर चार कागद आहेत: पाणी बंदची नोटीस, सर्वसाधारण सभेची दोन पानी नोटीस, लिफ्टच्या दुरुस्तीची, आणि फ्लॅटवार थकबाकीचा तक्ता. बघणारा माणूस एका नजरेत कोणता कागद आपल्या कामाचा ते ठरवतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही, त्याला पहिला शब्द ऐकल्याशिवाय दुसऱ्यापर्यंत जाता येत नाही. म्हणून आधी एवढंच सांगायचं की चार कागद आहेत आणि कशाकशाचे आहेत, मग त्यांना विचारायचं कोणता आधी हवा, फक्त पाण्यासारखं आज-उद्याचं काही असेल तर न विचारता तेच पहिलं.

प्रत्येक कागदाची तारीख आणि कुणी काढलाय हे सुरुवातीलाच सांगा, ते खाली सहीजवळ छापलेलं असलं तरी. नाहीतर लिफ्टची अख्खी नोटीस ऐकून झाल्यावर शेवटी कळतं की ती मागच्या महिन्याची आहे, बोर्डावरून कुणी उतरवलीच नव्हती. वार आणि तारीख दोन्ही वाचायचे आणि जुळत नसतील तर तसं सांगायचं, स्वतः दुरुस्त करून नाही सांगायचं.

सभेच्या नोटिशीत तर दोन वेळा असतात, सभा साडेदहाला आणि गणसंख्या झाली नाही तर तीच सभा अर्ध्या तासाने तिथेच. सरळ वाचलं तर दुसरी वेळ शेवटच्या तळटीपेत येते, म्हणून दोन्ही एकत्र सांगा. त्यानंतर विषयपत्रिका मात्र शब्दशः वाचायची, तुमच्या दृष्टीने फालतू वाटणाऱ्या विषयावरच त्यांना बोलायचं असू शकतं. थोडक्यात सांगत असाल तर "हे थोडक्यात सांगतोय" असं म्हणा.

तक्त्यात अ‍ॅप फारच कमी पडतं, कधी सगळे फ्लॅट नंबर आधी वाचतं आणि रकमा नंतर. माणसाने फक्त त्यांची ओळ घ्यायची आणि प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव: फ्लॅट १०४, मेंटेनन्स इतका, पाणीपट्टी इतकी, एकूण इतके. बेरीज चुकलेली दिसली तर तेही सांगा. एखादा कोपरा दुसऱ्या कागदाखाली झाकला गेला असेल तर अंदाज न करता "इथून पुढचं झाकलंय" म्हणायचं.

व्हॉइस नोट की टाइप? फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, वापरत असतील तर टाइप केलेलं बरं, एका कागदाचा एक मेसेज, कारण लांब व्हॉइस नोटमध्ये नेमकी वेळ परत शोधणं फार त्रासाचं असतं. टाइप करताना "स. १०.३०" ऐवजी "सकाळी साडेदहा" लिहा, फोन संक्षेप काहीही वाचतो. फोन वापरायची सवय नसेल तर व्हॉइस नोटच, पण कागदागणिक वेगळी.

दोन्ही रस्त्यांना फोटो मात्र चांगला लागतो. फ्लॅश बंद ठेवायचा, काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर थोडं बाजूला उभं राहायचं, एक फोटो पूर्ण बोर्डाचा आणि मग प्रत्येक कागदाचा जवळून. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो बारीक होऊन जातो आणि तळटीप पुसट दिसते, म्हणून एचडी करून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.