थायरॉइडच्या गोळीचे चौदा महिने: डोस वाढला, परत उतरला आणि घोळ निघाला कॅल्शियमचा

मागच्या वर्षी जानेवारीत मला लेव्होथायरॉक्सिन सुरू झालं, म्हणजे आपण सगळे जिला नुसतं थायरॉइडची गोळी म्हणतो ती. वय ४३, वजन ६२, राहते नाशिकला. तेव्हा टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की वाढतो तो आकडा, १९.६ आलेला आणि फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं ते हार्मोनच, कमी. दुपारी कॉम्प्युटरसमोर डोळे मिटायचे, मार्चच्या उन्हातसुद्धा मला शाल लागायची, न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका. गोळी चांगली आहे, एवढं आधीच सांगून टाकते. बारीकशी असते, महाग नाही, एका बाटलीत तीन-चार महिने निघतात. पण ती कशी घ्यायची हे नीट कळायला मला जवळपास वर्ष लागलं आणि त्या वर्षात जे झालं ते लिहायला बसलेय, कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका ही गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतात.

सुरुवात ५० मायक्रोग्रॅमने झाली. डॉक्टर म्हणाले सकाळी उठल्याउठल्या अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास तरी काही नाही, जमलं तर एक तास. मी विचारलं चहा? तर म्हणाले चहा-कॉफी पण त्या तासानंतरच, दुधाचा असो की काळा. गोळी आतड्यातून शोषली जाते आणि पोटात दुसरं काही असलं की कमी शोषली जाते, तीही रोज सारखी नाही, आज एवढी उद्या तेवढी. सगळा त्रास या कमी-जास्तीचाच आहे, कारण डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, इथे थोडंसं इकडेतिकडे झालेलंही रिपोर्टात दिसतं.

आमच्याकडे सहाला चहा म्हणजे सहालाच. आधी महिनाभर मी सहाला गोळी आणि साडेसहाला चहा असं रेटलं, मग कंटाळून बाटली आणि पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवायला लागले. पाचला सासरे देवपूजेला उठतात, त्यांच्या घंटीने जाग येतेच, तेव्हा गोळी तोंडात टाकायची आणि परत झोपायचं. सहाला चहा बिनघोर. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांना झोपताना घेतली तरी चालते, पण जेवून तीन तास तरी झालेले हवेत. आमचं जेवणच साडेनऊला होतं, त्यामुळे तो विषय मी सोडून दिला. आणि हो, आमच्या सासूबाई म्हणाल्या संकष्टीला गोळी कशाला, उपास मोडेल. म्हटलं आई, देवाने उपास सांगितलाय, टीएसएच वाढवायला नाही सांगितलं. हसल्या आणि विषय संपला.

आता डोसचं. गोळी सुरू केल्यावर आठव्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केलेला की अजून झोप येतेय, वाढवायची का. त्यांनी समजावलं ते असं: रक्तातलं हे हार्मोन निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणजे आजच्या गोळीतला काही भाग पुढच्या आठवड्यातही अंगात असतो, त्यावर रोज नवीन भर पडत राहते आणि ही पातळी एका जागी येऊन स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच मेंदूखालच्या ग्रंथीतून येतो, तोही आपल्या चालीनेच खाली येतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासलं तर अर्धवट आकडा मिळतो आणि त्या अर्धवट आकड्यावर डोस बदलला की घोळ. ह्याचा एक फायदा पण आहे, एखाद दिवशी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही. मला सांगितलेलं की दिवसात आठवली तर पोट रिकामं बघून घ्या, नाही आठवली तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी एक, मनाने दोन घेऊ नका.

सहा आठवड्यांनी टीएसएच ९.२ आला. डोस ७५ केला. पुढच्या सात आठवड्यांनी, एप्रिलच्या शेवटी, ३.४. झोप गेली, शाल कपाटात गेली, मी खूश. वाटलं झालं आता, जन्मभर ७५.

जुलैत पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, हिमोग्लोबिन ९.६ निघालं. त्यांनी लोहाची गोळी दिली आणि वयाकडे बघून कॅल्शियमची पण. कधी घ्यायच्या ते चिठ्ठीवर नुसतं "सकाळी १" असं होतं. आता मी सरळ विचार केला की थायरॉइडची पाचला होते, सातला पोहे-उपमा काहीतरी असतंच, त्याबरोबर ह्या दोन्ही टाकल्या की दिवसाचं औषध संपलं, डोक्याला ताप नाही. एक तासाचा नियम पाळतेय, दोन तास होतायत, अजून काय पाहिजे!

अजून दोन तास पाहिजे होते. कॅल्शियम आणि लोह ह्यांचा नियम वेगळा आहे, तिथे चार तासांचं अंतर लागतं. हे दोन्ही पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, चिकटूनच बसतात म्हणा ना, मग ती तशीच पुढे वाहून जाते आणि रक्तात हवी तेवढी उतरत नाही. ऍसिडिटीवर आपण जे पांढरं-गुलाबी औषध पितो त्यातल्या बऱ्याच औषधांचंही तेच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सप्टेंबरपासून पोट साफ होईना, सकाळी तोंड सुजल्यासारखं, केस परत जाळीत. ऑक्टोबरच्या मध्यावर टीएसएच १०.८. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून दुसरीकडे दाखवलं. पाच मिनिटांत रिपोर्ट बघून १०० करून दिली. दुसरं काय घेता, कधी घेता, एक प्रश्न नाही. पण खरं सांगायचं तर मीही बोलले नाही, कॅल्शियम म्हणजे औषध थोडंच, ताकदीची गोळी, असंच डोक्यात होतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाटली घ्यायला मेडिकलमध्ये गेले, तिथल्या काकांनी तिन्ही गोळ्या एकत्र बघून विचारलं, ताई ह्या एकावेळी घेत नाही ना? मी वेळा सांगितल्या, तर म्हणाले चार तास लांब करा. त्याच दिवशी वेळापत्रक बदललं. कॅल्शियम रात्री जेवणानंतर, कारण माझं कार्बोनेटवालं आहे आणि ते जेवणाबरोबरच नीट लागू पडतं. लोह दुपारी चारला, लिंबूपाण्यासोबत, पण चारचा चहा एक तास पुढे ढकलून, कारण चहा लोहाला अडवतो आणि कॅल्शियमही लोहाला अडवतं, म्हणजे ती दोघं एकमेकांचीही वैरीच. बाकी सगळं बरोबर केलं, फक्त एक चूक केली. डॉक्टरांना कळवलं नाही.

म्हणजे झालं काय की डोस वाढवला होता अडथळा होता म्हणून, आणि तीन आठवड्यांनी मी अडथळाच काढून टाकला. आता १०० ची गोळी पूर्ण लागू पडायला लागली. डिसेंबरच्या मध्यात रात्री उशीवर कान टेकला की स्वतःचं काळीज ऐकू यायचं, धडधड धडधड. थंडीत घाम. एके दिवशी ब्लाउजचं हूक लावायला सुईत दोरा ओवत होते तर हात असा थरथरतोय की तीनदा चुकला, शेवटी लेकीने ओवून दिला. मला वाटलं ऑफिसचं टेन्शन. डिसेंबरअखेर टेस्ट केली, टीएसएच ०.१४.

आता नेहमीचे डॉक्टर परत आलेले. त्यांनी आधी विचारलं, केसांसाठी बायोटिन घेताय का? मी नाही म्हटलं, पण का विचारलं ते ऐकून ठेवलं. बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्यांनी काही मशिनवर टीएसएच खोटा कमी दिसतो, म्हणून टेस्टच्या आधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवायच्या. माझी जाऊ केसांसाठी त्याच घेते, तिला लगेच फोन लावला. मग डॉक्टरांनी गेल्या सहा महिन्यांत काय काय बदललं ते तारखांसकट लिहायला लावलं. कागदावर उतरल्यावर पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं. जुलै कॅल्शियम-लोह सुरू, ऑक्टोबर १०.८, डोस १००, नोव्हेंबर वेळा बदलल्या, डिसेंबर ०.१४. ते म्हणाले, "ऑक्टोबरात डोस कमी नव्हताच, पोचत नव्हता. वेळा बदलून सहा आठवडे थांबला असतात तर पंचाहत्तरवरच भागलं असतं." टीएसएच असा फार खाली बराच काळ राहिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि पाळी गेल्यावर हाडंही झिजतात, म्हणजे हाडांसाठी कॅल्शियम घ्यायला गेले आणि उलटंच करून बसले असते. ७५ परत सुरू केली. धडधड पहिल्या दिवशी नाही थांबली हां, दोन-तीन आठवडे हळूहळू कमी होत गेली, कारण तेच, आधीचा साठा अंगात. फेब्रुवारीच्या मध्यात टीएसएच २.७.

तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलंय. मध्ये मेडिकलमध्ये माझ्या कंपनीची बाटली नव्हती, दुसरी देत होते. तीही चालते, पण बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायचा असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं, म्हणून मी दोन दुकानं फिरून तीच आणली. रिकाम्या पोटी घ्यायच्या ऍसिडिटीच्या गोळीचंही एकदा विचारून घ्या, आपल्याकडे दर दुसऱ्या माणसाला ती चालू असते. पोटातलं ऍसिड कमी झालं की थायरॉइडची गोळी कमी विरघळते, त्यामुळे ती रोजची झाली तर डोस परत तपासावा लागतो, नुसतं अंतर ठेवून भागेलच असं नाही. इसबगोल मी रात्रीच घेते, त्याचा प्रश्न आला नाही. बाटली आधी गॅसच्या वरच्या फळीवर होती, ती आता बेडरूमच्या कपाटात, वाफ आणि उष्णता दोन्ही नको. टेस्टच्या दिवशी रक्त आधी देते आणि गोळी नंतर, कारण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-फोर जास्त दिसतो. टीएसएचला त्याने फारसा फरक पडत नाही, पण माझे दोन्ही एकत्रच असतात.

मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन १२.१ आलं आणि लोह बंद झालं. ह्यावेळी मी घरी पोचायच्या आत, रिक्षातूनच, थायरॉइडच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले अंतर पाळत होतात ना, मग काही बदलू नका, ऑगस्टमध्ये भेटा. चारचा चहा तेवढा परत चारला आला.