ओझरला विमान उतरलं की वायफाय पडतं? डीएफएस चॅनल ठेवायचं की सोडायचं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका डिझाइन ऑफिसच्या मालकांनी मला बोलावलं, तेव्हा निदान त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. "दिवसातून दोनदा वायफाय मिनिटभर पडतं. ओझरला विमान उतरतं ना, त्याचं रडार लागतं. तुम्ही फक्त ते डीएफएस बंद करून द्या."

निम्मं निदान बरोबर होतं. बंद करायचं की नाही, हा प्रश्न मात्र त्यांना वाटला तेवढा सरळ नव्हता. अशा ठिकाणी खरं तर तीन पर्याय असतात, आणि ऑफिस बदललं की उत्तरही बदलतं.

आधी ते एक मिनिट समजून घ्यावं लागतं. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही चॅनलं रडारांसोबत वाटून घेतलेली आहेत, यांनाच डीएफएस चॅनलं म्हणतात. त्यावर चालणाऱ्या अॅक्सेस पॉइंटला, म्हणजे एपीला, रडारसारखे ठोके ऐकू आले, की दहा सेकंदांच्या आत ते चॅनल सोडावं लागतं आणि तीस मिनिटं तिकडे फिरकता येत नाही. इथपर्यंत ग्राहकाला फारसं काही जाणवायला नको, कारण निघताना एपी "मी अमुक चॅनलवर चाललोय" असं सांगतो आणि बहुतेक फोन, लॅपटॉप मागोमाग जातात. पण नवं चॅनलसुद्धा डीएफएसचंच असेल, तर प्रसारण सुरू करण्यापूर्वी एपीला तिथे साठ सेकंद गप्प बसून ऐकावं लागतं. तुमचं हरवलेलं मिनिट ते हेच. थोडक्यात, मिनिटभराचा खंड पडला तर एपीने एका डीएफएस चॅनलवरून दुसऱ्या डीएफएस चॅनलवर उडी मारली, असं समजायला जागा आहे. आणि ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे १२०, १२४, १२८ ही चॅनलं, हवामान रडारांचा आहे. युरोपीय नियम पाळणारा एपी तिथे दहा मिनिटं ऐकत बसतो, म्हणून ११६ ते १२८ हा गट मी कुणालाच देत नाही.

दुसरी खूण त्याहून सोपी. खंड पडतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झचं नाव फोनवर दिसत राहतं का, ते बघा. दिसत असेल तर एपी बंद पडलेला नाही, फक्त ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ गप्प झालाय. दोन्ही नावं गेली तर रडारचा नाद सोडा आणि अॅडॉप्टर, पीओई स्विच, लाइट यांच्या मागे लागा.

अंबडला लॉग उघडला. ओपनडब्ल्यूआरटीवर चालणारे चार एपी होते, म्हणून हे एका ओळीत मिळालं:

```
logread | grep -E 'DFS-'
```

आणि वरच्या मजल्याच्या एपीवर हे दिसलं:

```
11:42:07 DFS-RADAR-DETECTED freq=5500 ... cf1=5530
11:42:08 DFS-CAC-START freq=5260 chan=52 ... cac_time=60s
11:43:09 DFS-CAC-COMPLETED success=1 freq=5260
```

५५०० म्हणजे चॅनल १००, ५२६० म्हणजे ५२. डीएफएसमधून डीएफएसमध्ये उडी आणि मध्ये एकसष्ट सेकंद. दुसऱ्या कंपनीचे एपी असतील तर कंट्रोलरच्या इव्हेंट यादीत "radar" किंवा "DFS" शोधा. तिथे यातलं काहीच नसेल आणि चॅनल तरीही बदलत असेल, तर बहुधा ऑटो-चॅनलची करामत असते.

इथे एक फसगत सांगतो, कारण तिच्यात मीही एकदा अडकलोय. फोनवरचं अॅप "चॅनल ३६" दाखवतं, म्हणून लोक ठामपणे सांगतात की आमचं डीएफएस नाहीच. पण रुंदी १६० मेगाहर्ट्झ ठेवली असेल, तर ३६ पासून सुरू झालेला पट्टा ६४ पर्यंत पसरतो आणि त्याचा वरचा अर्धा भाग डीएफएसमध्ये पडतो. रडार तिथे ऐकू आलं तरी उडी मारावीच लागते. चॅनलसोबत रुंदी बघितल्याशिवाय बोलू नये.

आता ओझर. नऊ दिवसांत चौदा उड्या, त्यातल्या अकरा वरच्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या एकाच एपीच्या. सगळ्या सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत, रविवारी एकही नाही. मालक म्हणाले, "रविवारी विमानं कमी असतील." मी म्हटलं, "सर, रविवारी तुमचं ऑफिसही बंद असतं." विमानतळाचं टेहळणी रडार साधारण २.७ ते २.९ गिगाहर्ट्झमध्ये चालतं आणि विमानाच्या नाकातलं हवामान रडार ९.३ च्या आसपास. दोन्ही आपल्या ५ गिगाहर्ट्झपासून लांब, म्हणजे उतरणाऱ्या विमानावर आळ घेण्यात अर्थ नव्हता. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार आहे, पण मध्ये सह्याद्री उभा आहे. राहता राहिली लष्करी रडारं, आणि ती कधी, कशावर चालतात हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगणार नाही. शिवाय लष्करी सरावही कामाच्या दिवशी होऊ शकतात. म्हणून नुसत्या रविवारवरून निकाल लावला नाही.

निकाल अदलाबदलीने लागतो. खिडकीजवळचा एपी तळमजल्यावर नेला आणि तळमजल्याचा खिडकीजवळ आणला, दोघांनाही एकच गट, १०० ते ११२, हाताने नेमून दिला. बाहेरून खरंच काही येत असेल, तर खिडकीजवळ जो कुणी असेल त्याला ते ऐकू यायला हवं. आठवडाभरात उड्या झाल्या आठ, आणि आठही मूळच्याच एपीच्या, आता तळमजल्यावरून. खिडकीत बसलेला नवा एपी शांत. म्हणजे रडार बाहेर नव्हतं, ते त्या एपीच्या कानात होतं. वर्दळ वाढली की शेजारचे वायफायचे तुटक स्फोट त्याला रडारचे ठोके वाटत होते. अशी खोटी ओळख बऱ्याचदा फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीत सुधारलेली असते, म्हणून अपडेट आधी करून बघावं. इथे अपडेटनंतर उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

मग प्रश्न उरला निवडीचा. तिन्ही वाटा अशा:

| | डीएफएसवर ८० मेगाहर्ट्झ | डीएफएसबाहेर ४० मेगाहर्ट्झ | निवडक डीएफएस |
|---|---|---|---|
| मिनिटभराचा खंड | येऊ शकतो | रडारमुळे नाही | क्वचित |
| मोकळी जागा | भरपूर | चार गट | मधली |
| दोन अँटेनाच्या वायफाय ६ लॅपटॉपचा लिंक वेग | १२०१ एमबीपीएस | ५७४ एमबीपीएस | रुंदीप्रमाणे |
| देखभाल | काहीच नाही | एकदा आखणी | लॉगवर नजर |

पहिली वाट वाईट नाही, हे आधी सांगतो. गंगापूर रोडच्या एखाद्या भरगच्च सोसायटीत फोनवर स्कॅन केलं की पंचवीस नावं निघतात आणि बहुतेक सगळी ३६ आणि १४९ वर दाटीवाटीने बसलेली असतात. ५२ ते ६४ मात्र रिकामं. तिथे घरातल्या एकट्या राउटरला डीएफएसवर ठेवण्यातच शहाणपण आहे. महिन्यातून एकदा मालिका मिनिटभर अडकली तर कुणाचं काही बिघडत नाही. एक अडचण मात्र येते. स्वस्तातले काही टीव्ही आणि प्रिंटर ही चॅनलं बघतच नाहीत, मग "५जीचं नाव दिसत नाही" अशी तक्रार येते. शिवाय डीएफएसवर फोन आपणहून हाक मारू शकत नाही, एपीची हाक ऐकेपर्यंत थांबतो, म्हणून खंडानंतर परत जोडायलाही जरा उशीर होतो.

दुसरी वाट अंबडला बसली. डीएफएसबाहेर ८० चे दोनच गट होतात, पण ४० चे चार: ३६, ४४, १४९, १५७. एपीही चारच, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची जागा.

```
uci set wireless.radio1.channel='149'
uci set wireless.radio1.htmode='HE40'
uci commit wireless && wifi reload
```

किंमत कुठे मोजावी लागली? इंटरनेटवर नाही. लाइन ३०० एमबीपीएसची, स्पीड टेस्ट आधीही २९० आणि नंतरही २९०. पण ऑफिसातल्या सर्व्हरवरून चार जीबीचं ड्रॉइंगचं फोल्डर उतरवायला आधी सुमारे ७० सेकंद लागत, आता दोन मिनिटं लागायला लागली. तक्रार दोनच जणांची होती. त्यांच्या टेबलापर्यंत केबल ओढली आणि विषय संपला. गच्चीवरून गच्चीवर नेट नेणाऱ्यांच्या डिश बऱ्याचदा ५.८ गिगाहर्ट्झमध्येच असतात, म्हणून १४९ आणि १५७ गच्चीखालच्या मजल्यावर न देता तळमजल्यावर दिले, तेवढी काळजी घेतली. एपी पंधरा-वीस असले, पंचवटीतल्या एखाद्या मोठ्या लॉजसारखे, तर चार गट पुरणार नाहीत. तिथे रुंदी २० वर आणली की डीएफएसबाहेर नऊ चॅनलं मिळतात. खोलीतल्या पाहुण्याला ते पुरतं.

तिसरी वाट, अदलाबदलीच्या चाचणीत शांत राहिलेले एपी आणि गट तेवढेच डीएफएसवर ठेवायचे आणि बाकीचे यादीतून काढायचे. ही मला मनापासून आवडते, पण लॉग वाचणारा माणूस हाताशी असेल तरच. काही एपींमध्ये रडार ऐकायला वेगळा रेडिओ असतो, तो पुढच्या चॅनलची साठ सेकंदांची तपासणी मागच्या मागे उरकून ठेवतो आणि उडी बिनखंडाची होते. ओपनडब्ल्यूआरटीवर चिपमध्ये सोय असेल तर `background_radar` चालू करता येतं. नवीन एपी घ्यायचेच असतील तर विकणाऱ्याला हे आधी विचारा. फक्त यासाठी चालू एपी बदलू नका.

चौथी वाट मालकांनीच सुचवली होती: "देश बदलून टाका ना, दुसऱ्या देशात हे लागत नाही म्हणे." ती मी करत नाही. एपी रडार ऐकणं थांबवतो, रडार मात्र तिथेच असतं. अमेरिकेत विमानतळांजवळच्या हवामान रडारांच्या पडद्यावर अशाच उपकरणांच्या रेघा उमटल्या आणि वापरणाऱ्यांना दंड झाले. मालकांना अदलाबदलीचा निकाल दाखवला आणि सांगितलं, की तुमच्याकडे रडार नाहीच, मग देश कशाला बदलायचा.

तो हळवा एपी आता १५७ वर आहे. दीड महिन्यात लॉगमध्ये `DFS-` ची एकही ओळ नाही, आणि विमानं पूर्वीसारखीच उतरताहेत.